पाच पाकळ्यांचा गुलाब आणि एकेरी शेवंती: दोन छायाचित्रांच्या नावनिश्चितीचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका सचित्र वनस्पती-संग्रहाच्या तपासणी गटात मी काम करत होते, तेव्हाची ही हकीकत आहे. माणसांची आणि जागेची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत, बाकी सगळं घडलं तसंच आहे.

संग्रहाची पद्धत अशी होती की प्रत्येक छायाचित्राखाली शास्त्रीय नाव द्यायचं आणि झाडाची स्थितीही नोंदवायची: रानात आपोआप वाढलेलं, लागवडीतलं, की लागवडीतून सुटून मोकळं वाढलेलं. ही दुसरी नोंद पुष्कळांना कटकटीची वाटते. पण संग्रहातली चित्रं पुढे नमुना म्हणून वापरली जातात. एखाद्या वाणाचं चित्र मूळ जातीच्या नावाखाली गेलं, तर त्याच्याशी ताडून पाहणारा पुढचा माणूस तोच वाण त्याच जातीच्या नावाने ओळखतो, आणि ती चूक आपल्या पायांनी चालू लागते.

एका हौशी छायाचित्रकाराने एकाच दिवशी दोन झाडांचे फोटो पाठवले. पहिला फोटो गुलाबाचा होता. ओसाड पडलेल्या एका घराच्या कुंपणाशी माणसाच्या उंचीहून थोडं जास्त वाढलेलं झुडूप, त्यावर पाच-पाच पाकळ्यांची सुटसुटीत फुलं, काही पिवळसर, काही गुलाबी, काही गडद लाल. त्यांनी नाव दिलं होतं रोझा चायनेन्सिस आणि स्थिती लिहिली होती ‘रानटी’. दुसरा फोटो पिवळ्या, एकेरी शेवंतीचा होता, नाव क्रिसॅन्थेमम इंडिकम, स्थिती पुन्हा ‘रानटी’. सोबत एक ओळ होती: ‘दोन्ही फुलं एकेरी आहेत, कुणी निगा राखत नाही, म्हणजे बागेतली नव्हेत.’

अडचण

या एका ओळीत दोन गृहीतकं आहेत आणि दोन्ही तपासून घ्यावी लागतात.

पहिलं गृहीतक पाकळ्यांचं. गुलाबाच्या जवळजवळ सगळ्या मूळ जातींना पाच पाकळ्या असतात. रोझा सेरिसियासारख्या एखाद्या जातीत चारच दिसतात, पण तो अपवाद. भरगच्च गुलाबातल्या जास्तीच्या पाकळ्या म्हणजे बहुतांशी रूप बदललेले पुंकेसर. फूल पूर्ण उमललं की मध्याशी अर्धा पुंकेसर, अर्धी पाकळी असे तुकडे दिसतात, त्यांच्या टोकाला कधी पिवळ्या परागकोशाचा ठिपकाही उरलेला असतो. तेव्हा पाकळ्या भरपूर असतील तर झाड माणसाने निवडून जपलेलं आहे, हे बहुधा खरं. उलट बाजूने मात्र हा न्याय चालत नाही. पाच पाकळ्यांचे संकर आणि वाण भरपूर आहेत, आणि पैदास करणारे ते मुद्दाम एकेरीच ठेवतात.

त्यातही गंमत अशी की काही जातींची नावंच मुळात भरगच्च फुलांवरून पडली. रोझा बँक्सिए हे नाव ज्या झाडावरून दिलं गेलं ते चीनमधल्या बागेतून १८०७ साली इंग्लंडला नेलेलं, दुहेरी पांढऱ्या फुलांचं झाड होतं. तिचं एकेरी रानटी रूप वनस्पतिशास्त्राच्या नोंदीत नंतर आलं. म्हणजे पाकळ्या मोजून निकाल देणारा माणूस दोन्ही दिशांनी फसू शकतो.

दुसरं गृहीतक निगेचं. गुलाबाची जुनी झुडपं मालक निघून गेल्यावरही वर्षानुवर्षं तग धरतात. ओसाड घर हा तर रानटीपणाच्या विरोधातला पुरावा मानायला हवा, कारण तिथे कधीतरी बाग होती हे त्यातून कळतं.

यात तिसरी गुंतागुंत नावाची. रोझा चायनेन्सिस हे नाव १७६८ साली प्रसिद्ध झालं ते लागवडीतल्या झाडावरून. रानटी रूप वेगळं, त्याला स्पाँटेनिया हा उपप्रकार मानतात. ते चीनच्या सिचुआन आणि आसपासच्या भागात आढळतं, वर्षातून एकदाच फुलतं आणि इतर झाडांवर चढत जातं. मिकिनोरी ओगिसु यांनी १९८३ साली सिचुआनमध्ये त्याची छायाचित्रं घेतली, तेव्हा कुठे बाहेरच्या गुलाबप्रेमींना ते नीट पाहायला मिळालं. म्हणून ‘रोझा चायनेन्सिस, रानटी’ असं कुणी लिहिलं की तो नेमकं कोणत्या झाडाबद्दल बोलतो आहे, हे आधी विचारावं लागतं.

समोर असलेले पर्याय

गटात आम्ही तिघे होतो आणि पहिल्या चर्चेतच मतं तीन झाली. एका सहकाऱ्याचं म्हणणं, छायाचित्रकाराने दिलेलं नाव तसंच ठेवावं, फक्त ‘रानटी’ काढून ‘लागवडीतलं’ करावं. चीनी गुलाबाच्या वळणाचं झाड आहे हे दिसतंच आहे, मग आणखी खोलात कशाला? हा पर्याय सोपा होता, पण त्यात जातीच्या नावाखाली एक वाण कायमचा बसला असता.

दुसरा पर्याय मी मांडला होता. पिवळसर ते गडद लाल असा बदल दाखवणारा, एकेरी फुलांचा एक जुना प्रसिद्ध वाण आहे, ‘म्युटाबिलिस’. फोटो पाहताक्षणी तोच आठवतो. पण आठवणं आणि ठरवणं यांत अंतर आहे. वाण म्हणजे बहुधा एकाच झाडापासून काडीने किंवा डोळा भरून वाढवत नेलेली संतती. त्याच वाणाच्या बियांतून उगवलेलं रोप त्याच्यासारखं दिसेल, पण त्याला तेच नाव लावता येत नाही. फोटोत बी आणि काडी यांतला फरक दिसत नाही.

तिसरं मत गटातल्या ज्येष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंचं. त्या म्हणाल्या, ‘नाव नंतर. आधी हे सांगा, या फोटोत फुलाच्या मागे काय आहे?’ फोटोत फुलाच्या मागे काहीच नव्हतं, म्हणजे काही दिसत नव्हतं. सगळी फुलं समोरून टिपलेली होती.

आणखी एक शक्यता त्यांनीच सुचवली: खुंटाची फूट. बागेतले बरेच गुलाब दुसऱ्या दणकट गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेले असतात. वरचं कलम मेलं की खालचा खुंट फुटून वर येतो आणि एकेरी फुलं देऊ लागतो. ओसाड बागेतला ‘जंगली’ गुलाब पुष्कळदा असा निघतो. खुंट म्हणून रोझा मल्टिफ्लोरा आणि रोझा कॅनिना या खऱ्या जातीही वापरतात, त्यामुळे तेव्हा जातीचं नाव बरोबर असतं आणि ‘रानटी’ ही नोंद तेवढी चुकीची ठरते.

पहिला निर्णय: कोणते फोटो मागवायचे

छायाचित्रकाराला नकार कळवायचा की आणखी फोटो मागायचे, हा पहिला निर्णयाचा क्षण. झाड अजून जागेवर होतं आणि ते गृहस्थ पुन्हा जायला तयार होते, म्हणून आम्ही मागणी पाठवली. ‘आणखी फोटो पाठवा’ एवढंच कळवलं असतं तर त्यांनी आणखी सुंदर फुलं पाठवली असती. म्हणून नेमकं काय हवं ते लिहिलं: पानाच्या देठाचा बुंध्याकडचा भाग, फूल बाजूने, फुलाचा मध्य अगदी जवळून, झुडपाचा जमिनीलगतचा भाग, आणि कोवळी फूट.

देठाच्या बुडाशी दोन्ही बाजूंना हिरव्या पट्ट्या असतात, त्यांना उपपर्णं म्हणतात. गुलाबाच्या ओळखीत त्यांचं वजन मोठं. रोझा मल्टिफ्लोरामध्ये या पट्ट्यांची कड कंगव्याच्या दातांसारखी फाटलेली असते, आणि तिच्या संकरांतही ही खूण बऱ्याचदा उतरते. चीनी गुलाबात त्या अरुंद असतात, देठाला बऱ्याच लांबीपर्यंत चिकटलेल्या, कड जवळजवळ सलग, तिच्यावर बारीक ग्रंथी. आलेल्या फोटोत त्या सलग होत्या. मल्टिफ्लोराचा खुंट ही शक्यता तिथेच मागे पडली.

फुलाचा मध्य दुसऱ्या कामाचा. स्त्रीकेसराच्या वरच्या काड्या, म्हणजे वर्तिका, मल्टिफ्लोराच्या गटात एकमेकींना चिकटून एक खांब होतो आणि तो पुंकेसरांच्या मधून वर डोकावतो. चीनी गुलाबाच्या गटात त्या सुट्या राहतात. फोटो मोठा करून पाहिला तर सुट्या, लालसर वर्तिकांचा झुबका दिसत होता. कुत्र्या गुलाबाच्या, म्हणजे रोझा कॅनिनाच्या गटातही वर्तिका सुट्याच असतात, पण तिथे त्यांची डोकी मिळून एक बुटका, केसाळ गोळा तोंडाशी बसलेला दिसतो. शिवाय त्या गटात निदलांना बाजूने पिसासारखे फाटे असतात. इथे निदलं जवळजवळ साधी होती.

जमिनीलगतच्या फोटोत डोळा भरल्याची गाठ दिसली नाही. यावरून फार काही सिद्ध होत नाही, कारण गाठ मातीखाली असू शकते. कोवळी फूट मात्र बोलकी होती: पानं तांबूस-जांभळट, फांद्याही त्याच रंगाच्या, काटे विरळ.

इथवर आल्यावर गट ठरला, चीनी गुलाबाचा. पण मूळ जाती, संकर की वाण, हा प्रश्न तसाच उभा होता. आकारावरून तो सुटणारही नव्हता, कारण संकरात आईबापांची लक्षणं मिसळलेली असतात आणि एकेरी फुलाचा जुना संकर बाहेरून जातीसारखाच दिसू शकतो.

दुसरा निर्णय: काळाचा पुरावा

गाडं पुढे सरकलं ते एका साध्या प्रश्नामुळे. बाईंनी छायाचित्रकारांना विचारलं, ‘तुम्ही हे झाड पहिल्यांदा फुललेलं कधी पाहिलंत?’ त्यांनी जुन्या फायली चाळल्या आणि त्याच कुंपणाचा आणखी एक फोटो पाठवला. कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली तारीख वसंताच्या सुरुवातीची होती. आमच्याकडे आलेला पहिला फोटो पावसाळ्यानंतरचा. दोन्हींत झुडूप फुललेलं, आणि दोन्हींत कळ्या, ताजी फुलं आणि झडलेल्या फुलांचे देठ एकाच वेळी.

याचं महत्त्व असं. बहुतेक रानटी गुलाब वर्षातून एकदा, ठरावीक हंगामात फुलतात. फुलण्याला आवर घालणारं एक जनुक त्यांच्यात शाबूत असतं. चीनी बागांतल्या गुलाबांत त्या जनुकात एक उपरा तुकडा घुसला, जनुक निकामी झालं आणि झाड सतत फुलू लागलं. हा गुण प्रच्छन्न आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच झाड बारमाही फुलतं. रानात असं झाड आपोआप टिकून पसरणं अवघड, पण बागेत माणूस नेमकं तेच जपतो. आजचे बहुतेक बारमाही गुलाब हा गुण चीनी गुलाबांकडूनच घेऊन आले आहेत. म्हणून चीनी गटातलं झाड दोन दूरच्या महिन्यांत फुललेलं असेल तर ते स्पाँटेनिया हे रानटी रूप नव्हे, असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं.

हा न्याय सगळ्या गुलाबांना लावायचा नाही, हे सांगायलाच हवं. रोझा रुगोसा ही खरी जाती आहे आणि ती स्वभावतःच लांबलचक हंगामभर फुलत राहते. आधी उपपर्णं आणि वर्तिका पाहून गट ठरवला, मगच फुलण्याचा काळ उपयोगी पडला. क्रम उलटा केला असता तर रुगोसालाही आम्ही वाण ठरवून बसलो असतो.

रंगाचा पुरावाही याच टप्प्यावर नीट वाचता आला. युरोपातले जुने गुलाब वय झालं की फिकट होतात, चीनी गुलाब गडद होतात. उन्हात पाकळ्यांत लाल रंगद्रव्य साठत जातं. ‘म्युटाबिलिस’मध्ये हे टोकाला जातं: कळी नारिंगी, फूल उमलताना पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि शेवटी तांबडं-किरमिजी. पण निव्वळ रंग बदलतो म्हणून ‘म्युटाबिलिस’ म्हणता येत नाही. १९४९ सालचा ‘मास्करेड’ हा वाणही पिवळ्याचा लाल होतो. त्याची फुलं अर्धवट भरगच्च, मोठ्या झुपक्यांत येणारी, त्यामुळे इथे तो बाद झाला. रानटी स्पाँटेनियाचाही रंग गडद होत जातो, म्हणून रंगावरून ते बाद करता येत नव्हतं. ते बाद झालं फुलण्याच्या काळावरून.

तिसरा निर्णय: नाव कुठे थांबवायचं

आता जाती नाही एवढं ठरलं होतं. वाणाचं नाव लिहायचं का, यावर मात्र खरी चर्चा झाली.

‘म्युटाबिलिस’ या नावाचा इतिहास इथे आड येतो. १९३४ साली जिनिव्हाच्या आँरी कोरेव्हाँ यांनी ते रोझा म्युटाबिलिस म्हणून प्रसिद्ध केलं, म्हणजे जणू स्वतंत्र जाती. नंतर कुणी त्याला चायनेन्सिसचं एक रूप म्हटलं. आज बागायती याद्यांत ते बहुधा रोझा × ओडोराटा ‘म्युटाबिलिस’ असं दिसतं. ओडोराटा म्हणजे चायनेन्सिस आणि रोझा जायगँटिया यांच्या संकरांचा गोतावळा. मधली फुली संकराची खूण आहे, आणि एकेरी अवतरणचिन्हं वाणाची. नावं उतरवताना ही दोन चिन्हं सर्वांत आधी गळतात आणि मग लॅटिन वळणाचा वाण जातीसारखा दिसू लागतो. १ जानेवारी १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन रूपाचं नाव देता येत नाही, असा लागवडीतल्या वनस्पतींच्या नामकरण-संहितेचा नियम आहे. त्याआधीची लॅटिन नावं मात्र कायम राहिली, त्यामुळे जुन्या वाणांच्या बाबतीत हा गोंधळ संपत नाही.

सहकाऱ्याचा आग्रह होता, ‘सगळं जुळतंय, सरळ म्युटाबिलिस लिहून टाकू.’ बाईंचा आक्षेप एकच: झाड कुठून आलं याचा कागद नाही, मालक नाही, पाटी नाही. ‘म्युटाबिलिस’ची बियांची रोपंही एकेरी आणि रंग बदलणारी निघू शकतात, आणि त्याच्यापासून पैदा केलेले संकरही आहेत. शेवटी नोंद अशी ठरली: ‘रोझा, चीनी गुलाब गट, लागवडीतला, ‘म्युटाबिलिस’शी जुळणारा.’ मला ही नोंद तेव्हा जरा मिळमिळीत वाटली होती. पण शोधायला येणाऱ्याला त्यातून वाणाचं नाव सापडतं, आणि जातीच्या नमुन्यांत मात्र हे चित्र मिसळत नाही. दोन्ही कामं होतात.

शेवंतीचं काय झालं

गुलाबावर जी युक्ती चालली ती शेवंतीवर चालत नाही. दिवस लहान झाले की शेवंती फुलते, आणि लागवडीत काळोख किंवा दिवे वापरून तिला हवं तेव्हा फुलवता येतं. फुलण्याचा महिना जाती आणि वाण यांत फरक करून देत नाही.

पाकळ्या मोजण्याचा अर्थही इथे वेगळा आहे. शेवंतीचं ‘फूल’ म्हणजे अनेक बारीक फुलांचा गुच्छ. कडेची लांबट ‘पाकळी’ हे एक पूर्ण फूल, आणि मधल्या पिवळ्या टिकलीतला प्रत्येक ठिपका हेही एक फूल. शेवंती भरगच्च होते ती मधली फुलं कडेच्या फुलांसारखी लांब झाल्यामुळे. तेव्हा खरी तपासणी त्या टिकलीची करायची. ती पूर्ण, सपाट आणि सगळी नळीसारख्या बारीक फुलांची आहे का? की कडेकडे काही फुलं लांबायला लागली आहेत?

क्रिसॅन्थेमम इंडिकम ही खरी जाती आहे. तिची पिवळी फुलं लहान असतात, सगळा गुच्छ मिळून साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर रुंद. बागायती शेवंती हा अनेक जातींच्या मिसळणीतून झालेला जुना संकर आहे. तिचं नाव क्रिसॅन्थेमम × मोरिफोलियम. जुन्या पुस्तकांत आणि पाट्यांवर मात्र तिलाही सर्रास ‘इंडिकम’ म्हटलेलं आढळतं, आणि छायाचित्रकारांनी बहुधा तिथूनच नाव उचललं होतं. काही याद्यांत तीच झाडं डेंड्रँथेमा या नावाखाली सापडतात. मधल्या काळात प्रजातीचं नाव बदललं होतं, मग १९९९ सालच्या निर्णयाने क्रिसॅन्थेमम परत आलं. झाड तेच, त्यामुळे त्यावरून निष्कर्ष काढण्यात अर्थ नाही.

पहिल्या फोटोत माप कळायला काहीच नव्हतं. फ्रेम भरून फूल, मागे धूसर हिरवं. दोन सेंटिमीटरचं फूल आणि सहा सेंटिमीटरचं फूल अशा फोटोत सारखंच दिसतं. आम्ही पट्टी शेजारी धरून फोटो मागवला, शिवाय फुलाची मागची बाजू, पानाच्या दोन्ही बाजू आणि अख्खं झाड.

पट्टीवर गुच्छ चार सेंटिमीटरच्या आसपास भरला, आणि तोही निगा नसलेल्या, उपाशी झाडावर. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. लागवडीत बाजूच्या कळ्या खुडून एकाच कळीला पोसलं तर फूल फुगतं, त्यामुळे मोठं फूल कधीकधी मशागतीची करामत असते. इथे कळ्या कुणी खुडल्या नव्हत्या. कडेच्या फुलांच्या दोन ओळी होत्या, आणि टिकलीच्या काठावरची तीन-चार फुलं अर्धवट लांबलेली, एका बाजूला जीभ काढल्यासारखी. एकेरी वाणांत ही बाब नेहमी दिसते. फुलाच्या मागच्या खवल्यांची कड पातळ आणि तपकिरी होती, पण ते लक्षण दोन्हींकडे आढळतं, त्याचा उपयोग झाला नाही.

निष्पत्ती

शेवंतीची नोंद झाली ‘क्रिसॅन्थेमम × मोरिफोलियम, लागवडीतून उरलेली, एकेरी पिवळी, वाण अनिश्चित’. इथे ‘अमुकशी जुळणारी’ असंही लिहिलं नाही. गुलाबाच्या बाबतीत रंगबदल, जांभळट फूट आणि एकेरी फूल हा संच दुर्मीळ होता, म्हणून एका वाणाकडे बोट दाखवता आलं. एकेरी पिवळी शेवंती असे वाण मात्र इतके आहेत की फोटोवरून एक निवडणं म्हणजे चिठ्ठी उचलणं झालं असतं. त्यात शेवंतीची एखादी फांदी अचानक वेगळ्या रंगाची फुलं देते आणि तिच्यापासून नवा वाण सुरू होतो, त्यामुळे पान आणि ठेवण तंतोतंत जुळूनही वाण वेगळा असू शकतो. फूलरूपाचा वर्ग, म्हणजे ‘एकेरी’, तेवढा ठामपणे लिहिता आला.

छायाचित्रकार सुरुवातीला नाराज झाले. ‘मी जात कळवली आणि तुम्ही अनिश्चित लिहिलंत,’ असं त्यांचं म्हणणं. बाईंनी त्यांना फोनवर टिकलीच्या काठावरची लांबलेली फुलं मोजायला लावली, तेव्हा त्यांचा सूर बदलला. नंतरच्या खेपेला त्यांनी पाठवलेल्या प्रत्येक गुलाबासोबत उपपर्णांचा फोटो होता, आणि त्यांतला एक खरोखरच मल्टिफ्लोराचा खुंट निघाला, फाटक्या कंगव्यासकट.

काय वेगळं करता आलं असतं

दोन्ही झाडांबाबत सर्वांत जास्त वेळ पत्रव्यवहारात गेला, आणि तो टाळता येण्यासारखा होता. संग्रहाच्या अर्जात ‘रानटी की लागवडीतलं’ असा थेट प्रश्न होता. त्याचं उत्तर देणारा अंदाजच देतो. त्याऐवजी ‘पन्नास पावलांच्या आत घर, बांध, देऊळ किंवा जुनी बाग आहे का’ असं विचारलं असतं तर ओसाड घराची गोष्ट पहिल्याच दिवशी ठळकपणे समोर आली असती. अर्ज नंतर तसा बदलला.

दुसरं, गुलाबाची तारीख आम्ही बरीच उशिरा विचारली. उपपर्णांवरून गट ठरताच पुढचा प्रश्न तोच असायला हवा होता. चीनी गटात फुलण्याचा काळ हा सर्वांत स्वस्त पुरावा आहे. लोकांच्या फोनमध्ये तो बहुधा आधीच पडून असतो, फक्त जुन्या फायली उघडायला सांगावं लागतं.

एका गोष्टीवर गटात अजून एकमत नाही. सहकाऱ्याच्या मते गुलाबाचं फळ तयार होईपर्यंत थांबून, बी पेरून रोपं पाहायला हवी होती: मूळ जातीची रोपं बरीचशी एकसारखी निघतात, संकराची वेगवेगळी. तत्त्व बरोबर आहे. पण गुलाबाचं बी उगवायला थंडीचा काळ लागतो, हंगामी गुलाबाचं रोप फुलायला पुढे आणखी काही वर्षं जातात, आणि आजूबाजूच्या दुसऱ्या गुलाबांचे पराग आले असतील तर मूळ जातीचीही रोपं वेगवेगळी निघतात. एका छायाचित्राच्या नोंदीसाठी एवढं थांबावं असं मला वाटत नाही. त्या झुडपाच्या दोन काड्या मात्र बाईंनी लावून ठेवल्या आहेत. पाटी असलेल्या, उगम माहीत असलेल्या ‘म्युटाबिलिस’च्या शेजारी त्या वाढल्या की पानं, काटे आणि रंग बदलण्याची गती समोरासमोर ताडता येईल, आणि नोंदीतला ‘शी जुळणारा’ काढायचा की ठेवायचा ते तेव्हा ठरेल.